जळजळ नाही, तरी लघवीत जंतू

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. पण गरोदरपणात जळजळ, ताप, वारंवार जावं लागणं यातलं काहीच नसताना लघवीत जंतू वाढत असू शकतात. शंभरातल्या साधारण दोन ते दहा जणींत ते सापडतात, बहुतेकदा आतड्यात राहणारा ई. कोलाय. एरवी अशा मुक्या जंतूंना डॉक्टर औषध देत नाहीत. मग गरोदरपणातच का देतात?

कारण मूत्रवाहिनीत आहे. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नुसती ओघळत नाही. नळीचे स्नायू आकुंचन पावत तिला खाली ढकलतात. गरोदरपणात वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक या स्नायूंना सैल करतं. त्यात वाढतं गर्भाशय ओटीपोटाच्या काठावर नळी दाबतं, तिच्या वरचा भाग फुगतो आणि लघवी तुंबते. वाहत्या ओढ्यात टिकत नाहीत ते जंतू डबक्यात वाढतात, तसंच हे. गंमत म्हणजे गर्भाशय सहसा उजवीकडे झुकतं, आणि डावीकडे मोठ्या आतड्याची उशी असते. म्हणून उजवी नळी जास्त फुगते, आणि गरोदरपणातला किडनीचा संसर्गही उजवीकडेच जास्त दिसतो. ई. कोलायच्या अंगावरचे सूक्ष्म केस नळीच्या अस्तराला चिकटतात, आणि तो वर चढतो.

समजा, चौदाव्या आठवड्यात एकीची साधी लघवी तपासणी 'नॉर्मल' आली, पण कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, मिलिलिटरला एक लाखावर ई. कोलाय वाढले. साध्या तपासणीत हे निसटू शकतं, म्हणून पहिल्या भेटींतच कल्चर करायचं. नमुना मात्र नीट हवा: जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली धार डबीत घ्यायची आणि डबी लगेच लॅबला द्यायची. अहवालात तीन-चार जातींचे जंतू आले, तर ते बहुधा कातडीवरचे. नमुना पुन्हा द्यावा.

जंतू कोणत्या औषधाला दबतो हे अहवालात असतं. त्यावरून डॉक्टर सेफॅलेक्सिन किंवा नायट्रोफ्युरँटॉइनसारखं औषध पाच-सात दिवस देतात. नायट्रोफ्युरँटॉइन प्रसूती जवळ आल्यावर टाळतात. मेडिकलमधून स्वतः गोळ्या आणू नयेत: सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं गरोदरपणात सहसा देत नाहीत.

उपचार न केल्यास जुन्या अभ्यासांत अशा शंभरातल्या वीस-तीस जणींना किडनीचा संसर्ग होई. २०१५ मध्ये आलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात, कमी जोखमीच्या बायकांत, हे प्रमाण शंभरात दोन-तीनच निघालं. त्यामुळे सरसकट कल्चर करावं का, यावर वाद आहे. मला विचाराल तर करावं. एका डबीचा प्रश्न आहे, आणि थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या सुरू झाल्या की दवाखान्यात दाखल होऊन शिरेतून औषध घ्यावं लागतं.

धन्याचं पाणी खुशाल प्या. जंतू त्याने जात नाहीत, आणि गोळ्या संपल्यावर आठवड्याभराने कल्चर परत करायचं राहिलेलंच असतं.