झोप उडण्याची धास्ती आणि तिची उलटतपासणी

दीर्घकालीन निद्रानाशावरील बिगर-औषधी उपचार 1970 च्या दशकात प्रामुख्याने वर्तनावर बेतलेले होते. झोप आली तरच अंथरुणावर जावे आणि ती लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे, असा त्यांचा रोख असे. झोपेविषयीच्या भयसूचक समजुतींकडे शिस्तशीर लक्ष गेले ते 1993 मध्ये, 30 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाल्यावर. 2007 मध्ये ती 16 विधानांवर आणली गेली आणि आजही बहुधा हीच संक्षिप्त आवृत्ती वापरली जाते. दरम्यान 2002 मध्ये मांडलेल्या एका प्रारूपाने या समजुतींचे काम स्पष्ट केले. "आज झोप लागली नाही तर उद्या सगळे कोलमडेल" या विचाराने शरीर सावध होते, माणूस घड्याळ पाहतो, दिवसभर थकव्याच्या खुणा शोधतो, आणि सापडलेली प्रत्येक खूण धास्तीला पुरावा ठरते.

उलटतपासणीत या धास्तीला नुसता धीर दिला जात नाही, तर तिचा हिशेब मांडला जातो. समजा, एखाद्याला पाच वर्षे आठवड्यातून तीन रात्री नीट झोप लागत नाही आणि अशा प्रत्येक रात्री उद्या कामात घोडचूक होऊन नोकरी जाईल, ही शक्यता त्याला 10 टक्के वाटते. अशा रात्री झाल्या सुमारे 780, म्हणजे त्याच्याच अंदाजाने ती वेळ 78 वेळा यायला हवी होती. प्रत्यक्षात ती एकदाही आली नाही. चिडचिड झाली, जेवणानंतर डोळे जड झाले, हे मात्र खरे असते आणि ते नाकारले जात नाही. मोठे संकट आणि सोसता येणारा त्रास यांतला फरक त्याला स्वतःच्या नोंदींतून दिसला की रात्री सावध राहण्याचे कारण उरत नाही.

वाद आहे तो श्रेयाचा. अंथरुणातला वेळ आखून दिल्याने झोप सुधारते आणि समजुती तिच्यामागून आपोआप निवळतात, असे वर्तनवादी गट दीर्घकाळ म्हणत आला. समजुतींवर काम केल्यावाचूनही त्या सौम्य होतात, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे. तथापि 2014 च्या एका चाचणीत 188 रुग्णांची तीन गटांत विभागणी केली असता, केवळ वर्तनोपचाराचा गुण लवकर आला पण तितका टिकला नाही. केवळ विचारांवरील उपचाराचा गुण उशिरा आला पण टिकला. आणि दोन्ही एकत्र दिल्यावर एकंदरीत सर्वाधिक फायदा झाला. 2024 मध्ये 241 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही विचारांची फेरमांडणी हा उपयुक्त घटक ठरला, तर झोपेच्या चांगल्या सवयींचा नुसता उपदेश तसा ठरला नाही. समजुतींना दुय्यम मानणे त्यानंतर कठीण झाले आहे.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी लागते. गाडी चालवताना डुलकी लागणाऱ्याची किंवा घोरताना श्वास अडखळणाऱ्याची भीती साधार असते. तिथे समजुतीची उलटतपासणी नव्हे, आधी वैद्यकीय तपासणी करावी लागते.