मोहरीचा झणका आणि ब्रोकोलीतलं सल्फोराफेन

ठाण्यात आमच्या घरी काकडीच्या कोशिंबिरीत अजूनही फेसलेली मोहरी घालतात. कोरडी मोहरी कितीही हुंगा, काही जाणवत नाही. पाण्याचे चार थेंब घालून खलात फेसली, की काही क्षणांत झणका थेट नाकात जातो. तीच मोहरी फोडणीत तडतडली तर खमंग लागते, पण नाकात जात नाही. सल्फोराफेन हे आपल्या पेशींमधली घातक रसायनांचा निचरा करणारी विकरं जागी करणारं द्रव्य. ब्रोकोली चिरल्यावर ते का तयार होतं आणि जास्त शिजवल्यावर का होत नाही, ते या दोन मोहऱ्यांवरूनच नीट कळतं. या शोधाची सुरुवातही मोहरीपासूनच झाली.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बुसी यांनी 1840च्या सुमारास काळ्या मोहरीतून दोन पदार्थ वेगळे केले. एकाला आज आपण सिनिग्रिन म्हणतो. दुसऱ्या, प्रथिनासारख्या पदार्थाला त्यांनी मायरोसिन असं नाव दिलं; तेच आजचं मायरोसिनेज. दोन्ही वेगवेगळे असताना झणका नाही. पाण्यात एकत्र आले की मात्र मोहरीचं तिखट तेल तयार होतं. म्हणजे झणका दाण्यात साठवलेला नसतोच, दाणा फुटल्यावर तो घडतो. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली मायरोसिनेजच्या स्वतंत्र पेशीही सापडल्या. अळीनं पान कुरतडलं की पेशी फुटतात, दोन्ही पदार्थ भेटतात आणि अळीच्या तोंडात तिखट जातं. आपली सुरी नेमकं अळीचंच काम करते.

कोबी, फ्लॉवर, मुळा आणि ब्रोकोली ही मोहरीचीच भावंडं. मायरोसिनेज सगळ्यांत आहे, पण ते ज्याला तोडतं तो पदार्थ प्रत्येकात वेगळा. ब्रोकोलीत तो मुख्यतः ग्लुकोराफॅनिन असतो. मायरोसिनेज त्यातली साखर तोडून बाजूला करतं आणि उरलेला अस्थिर तुकडा आपोआप सल्फोराफेन बनतो. कोबीत सिनिग्रिन जास्त, म्हणून तिथे मोहरीसारखंच तिखट द्रव्य जास्त तयार होतं आणि सल्फोराफेन थोडंच. ‘कोबी काय, ब्रोकोली काय, सारखंच’ असं म्हणणं त्यामुळे पटत नाही.

सल्फोराफेन रसायनशास्त्राला आधीपासून माहीत होतं. ते प्रकाशात आलं 1992मध्ये. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलाले आणि युएशेंग झांग घातक रसायनांचा निचरा करणारी पेशींमधली विकरं कशामुळे जागी होतात ते शोधत होते, आणि ब्रोकोलीतून त्यांच्या हाती सल्फोराफेन लागलं. पेशींवरचा हा परिणाम पक्का आहे. त्यावरून ब्रोकोली खाऊन आजार बरा होतो, असं मात्र म्हणता येत नाही.

आता आचेकडे. मायरोसिनेज हे प्रथिन आहे, त्यामुळे अंड्याचा पांढरा भाग जसा उष्णतेनं आळतो तशी त्याचीही घडी विस्कटते. ग्लुकोराफॅनिन उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं, पण तोडणारंच उरलं नाही तर ते तसंच पडून राहतं, आणि उकळलं तर बरंचसं पाण्यात उतरून त्या पाण्याबरोबर फेकलं जातं. आतड्यातले जिवाणू थोडं काम करतात, पण ते माणसागणिक बदलतं. गंमत म्हणजे हलकी ऊब फायद्याची ठरते. ब्रोकोलीत आणखी एक प्रथिन असतं, जे त्या अस्थिर तुकड्याला सल्फोराफेनऐवजी भलतीकडे वळवतं. इलिनॉय विद्यापीठाच्या 2004च्या प्रयोगात तुरे 60 अंशांवर पाच-दहा मिनिटं तापवले, तेव्हा हे आडकाठी घालणारं प्रथिन आधी निकामी झालं आणि सल्फोराफेन वाढलं. 70 अंश आणि त्यापुढे मात्र ते घटलं. जास्त शिजलेल्या ब्रोकोलीचा उग्र वास ही सल्फोराफेनची खूण समजू नका. तो गंधकाच्या दुसऱ्याच संयुगांचा असतो.

जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेल्या गड्ड्याचं काय करायचं, ते यावरून ठरतं. ब्रोकोली आधी चिरावी आणि भाजीचं बाकीचं सगळं नंतर करावं. चीनमधल्या 2018च्या एका प्रयोगात ब्रोकोली अगदी बारीक, दोन मिलिमीटरची चिरून 90 मिनिटं ठेवली आणि मग परतली. चिरून लगेच परतलेल्या ब्रोकोलीपेक्षा तिच्यात 2.8 पट सल्फोराफेन मिळालं. एकदा तयार झालेलं सल्फोराफेन परतण्याच्या आचेला बरंच टिकतं. आचेनं आधी जातं ते मायरोसिनेज. फ्रोझन पाकिटातली ब्रोकोली चिरून ठेवण्यात मात्र अर्थ नाही. गोठवण्याआधी ती गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात आणि मायरोसिनेज सहसा तिथेच संपतं.

अशा ब्रोकोलीला वाचवते ती पुन्हा मोहरीच. 2018मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बारा जणांना 200 ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली दिली, एकदा नुसती आणि एकदा ग्रॅमभर मोहरीची पूड घालून. मोहरीबरोबर शरीरात पोचलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं, कारण मोहरीनं स्वतःचं मायरोसिनेज पुरवलं. पूड कच्च्या मोहरीची हवी आणि गॅस बंद करून, भाजी कोमट झाल्यावर घालायला हवी. फोडणीतली मोहरी इथे उपयोगाची नाही. ग्रॅमभर म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा. आम्ही तेवढीच फेसून कोशिंबिरीसारखी वरून घालतो.