मिश्रण पद्धती : तप्त धातू व पाणी यांचे अंतिम तापमान

तापवलेला धातूचा तुकडा थंड पाण्यात सोडला असता तुकड्याची उष्णता पाण्यात व भांड्यात जाते आणि काही वेळाने तिघांचे तापमान सारखे होते. हे अंतिम तापमान काढण्याची किंवा ते मोजून त्यावरून धातूची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे 1 ग्रॅम धातू 1° से. ने तापायला लागणारी उष्णता, काढण्याची रीत म्हणजे मिश्रण पद्धती. उष्णता बाहेर जात नाही असे मानल्यास धातूने गमावलेली उष्णता पाणी व कॅलरीमापी, म्हणजे पाण्याचे भांडे, यांनी मिळवलेल्या उष्णतेइतकी असते.

या रीतीचा उगम नेमका कोणाकडे जातो याविषयी मतभेद आहेत. सेंट पीटर्सबर्ग येथील गेओर्ग रिखमान यांनी 1750 च्या सुमारास वेगवेगळ्या तापमानांचे पाणी मिसळल्यास मिळणाऱ्या तापमानाचे सूत्र मांडले. मात्र ते एकाच पदार्थापुरते होते, त्यामुळे त्यात विशिष्ट उष्माधारकतेला जागाच नव्हती. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी साधारण 1760 च्या आसपास निरनिराळ्या पदार्थांच्या उष्माधारकतेतील फरक ओळखला. त्यांनी दिलेल्या उदाहरणात 100 अंश फॅरनहाइटच्या पाण्यात तेवढ्याच आकारमानाचा 150 अंशांचा पारा मिसळल्यास तापमान 125 न होता 120 होते. (आजच्या मूल्यांनी ते 115 ते 116 येते, निष्कर्ष मात्र त्यामुळे आणखी बळकटच होतो.) ब्लॅक यांनी हे काम छापले नाही, त्यांची व्याख्याने मृत्यूनंतर, 1803 मध्ये प्रसिद्ध झाली. दरम्यान स्वीडनमध्ये योहान विल्के यांनी तापवलेले धातू बर्फाइतक्या थंड पाण्यात सोडून केलेली मोजमापे 1781 मध्ये प्रसिद्ध केली. या दोघांत छापील अग्रक्रम विल्के यांचा, हे मान्य करूनही कल्पनेचे श्रेय बहुधा ब्लॅक यांना दिले जाते आणि ते रास्त वाटते. तप्त धातू पाण्यात सोडण्याच्या प्रयोगासाठी मात्र विल्के यांचेच नाव घ्यायला हवे.

धातू, पाणी व कॅलरीमापी यांची वस्तुमाने m₁, m₂, m₃, विशिष्ट उष्माधारकता c₁, c₂, c₃, धातूचे सुरुवातीचे तापमान t₁ आणि पाणी व भांडे यांचे t₂ असल्यास अंतिम तापमान t असे मिळते:

t = (m₁c₁t₁ + m₂c₂t₂ + m₃c₃t₂) / (m₁c₁ + m₂c₂ + m₃c₃)

समजा, 100° से. तापमानाचा 250 ग्रॅमचा तांब्याचा तुकडा 25° से. च्या 200 ग्रॅम पाण्यात सोडला आणि कॅलरीमापी 100 ग्रॅम तांब्याचा आहे. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता 0.092 कॅलरी/ग्रॅम °से. घेतली, तर तुकडा 1° से. ने थंड होताना 23 कॅलरी देतो. पाणी व भांडे मिळून 1° से. ने तापायला 209.2 कॅलरी लागतात. म्हणून t = (2300 + 5230) / 232.2, म्हणजे सुमारे 32.4° से. तुकडा वजनाने पाण्याहून जड असूनही पाणी जेमतेम साडेसात अंशांनी तापते. दोन तापमानांची सरासरी काढून 62.5 लिहिणारे विद्यार्थी या 23 आणि 209 मधील तफावतच विसरतात. भांडे वगळल्यास उत्तर 32.7° से. येते.

प्रयोगात याहून मोठी चूक तुकड्याला चिकटून येणाऱ्या पाण्याने होते. उकळत्या पाण्यातून काढलेल्या वरील तुकड्यासोबत 2 ग्रॅम गरम पाणी आले, तर तापमान 33° से. पर्यंत चढते. धातू वाफेच्या नळीत कोरडा तापवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. उलट तुकडा नेताना रेंगाळल्यास तो वाटेतच थंड होतो आणि t कमी भरते. शिवाय पाणी 100° से. लाच उकळते असे धरता येत नाही: पुण्याच्या उंचीवर ते 98° से. च्या आसपास उकळते, तेव्हा t₁ तापमापीने वाचूनच घ्यावे.

सूत्राची एक मर्यादा गणितात सहज निसटते. 800° से. ला तापलेले 500 ग्रॅम लोखंड 30° से. च्या 100 ग्रॅम पाण्यात टाकले (भांडे वगळून, लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता 0.11), तर सूत्र 303° से. हे उत्तर देते. उघड्या भांड्यात द्रवरूप पाणी इतके तापू शकत नाही. उत्तर 100 च्या वर गेले की हिशेब टप्प्यांनी करावा. लोखंड 100° से. पर्यंत उतरताना 38,500 कॅलरी देते. त्यांपैकी 7,000 पाणी उकळबिंदूपर्यंत नेण्यात जातात. उरलेल्या 31,500 कॅलरी बाष्पनाच्या अप्रकट उष्म्यात, म्हणजे ग्रॅमला 540 या दराने, खर्च होऊन सुमारे 58 ग्रॅम पाण्याची वाफ होते. पाणी शिल्लक राहत असल्याने अंतिम तापमान 100° से. हेच. प्रत्यक्षात लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता तापमानाबरोबर वाढते, म्हणून वाफ यापेक्षा अधिक होईल. उत्तर शंभराच्या आत असले तरी फार तापलेला तुकडा पाण्यात पडताच चुर्रकन आवाज आला, तर पृष्ठभागाशी थोडे पाणी वाफ होऊन निसटलेले असते आणि मोजलेले t हिशेबापेक्षा कमी येते.