प्रसूती विमा : प्रतीक्षा कालावधी व खर्चाचे नियोजन

आरोग्य विम्यात बाळंतपणाच्या खर्चासाठी केलेली मर्यादित तरतूद. भारतात वैयक्तिक पॉलिसीत ती सहसा आपोआप मिळत नाही. जास्त हप्ता भरून ती घ्यावी लागते आणि ठरावीक काळ उलटल्यावरच लागू होते. या काळास प्रतीक्षा कालावधी (वेटिंग पिरियड) म्हणतात.

सरकारी विमा कंपन्यांनी 1986 च्या सुमारास आणलेल्या ‘मेडिक्लेम’मध्ये बाळंतपण वगळलेले होते. कर्मचाऱ्यांच्या समूह पॉलिसीत पुढे ते जादा हप्त्यावर घेता येऊ लागले. तेथे रूढ झालेली अट नऊ महिन्यांची होती. ही मुदत गर्भावस्थेच्या काळावरून आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते : पॉलिसी घेताना दिवस गेलेले असतील, तर त्या बाळंतपणाचा दावा येऊ नये. वैयक्तिक पॉलिसींतील दोन ते तीन, क्वचित चार वर्षांच्या अटीचा मात्र या हिशेबाने उलगडा होत नाही. बाळंतपण ही बहुधा ठरवून येणारी गोष्ट असल्याने काही वर्षांचे हप्ते आधी जमा व्हावेत, हा विमागणिती हेतू त्यामागे असल्याचे मत अधिक पटण्याजोगे आहे.

विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये वगळलेल्या बाबींची भाषा प्रमाणित केली. तीत प्रसूतीला 18 वा संकेतांक आहे. त्यानुसार प्रसूतीशी निगडित उपचार, सिझेरियनसह, वगळले जातात. अपघाताने न झालेला गर्भपात व कायदेशीर गर्भपातही त्यातच येतात. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेला मात्र स्पष्ट अपवाद आहे. त्यामुळे प्रसूतीची तरतूद नसलेल्या पॉलिसीतही अशा गर्भधारणेच्या शस्त्रक्रियेचा दावा या कलमावर बोट ठेवून फेटाळता येत नाही. ही बाब पुष्कळ जोडप्यांना ठाऊक नसते.

मुदत कोणत्या दिवसापर्यंत मोजायची, हा नेहमीचा वादाचा मुद्दा. बहुतेक कलमांत अमुक महिने ‘सलग संरक्षण’ झाल्यानंतर लाभ मिळेल, असे शब्द असतात. त्यांचा सरळ अर्थ रुग्णालयात दाखल होण्याच्या तारखेला मुदत पुरी असावी असा होतो. गर्भधारणेची तारीख पाहायची तर कलमात तसे लिहिलेले असावे लागते. काही पॉलिसींत पती-पत्नी दोघेही तेवढा काळ एकाच पॉलिसीत असणे आवश्यक असते. लग्नानंतर पत्नीचे नाव उशिरा जोडले असेल, तर तिच्यापुरती मुदत त्या दिवसापासून धरली जाण्याचा संभव असतो.

उदाहरणार्थ, पॉलिसी 1 एप्रिल 2024 ला सुरू झाली व अट 24 महिन्यांची आहे. मुदत 31 मार्च 2026 ला संपते. शेवटच्या पाळीपासून 280 दिवस धरून डॉक्टरांनी 5 एप्रिल ही तारीख दिली, तर कागदावर सारे जुळते. पण बाळ आठवडाभर आधी आले की दावा बुडतो. प्रसूतीची तारीख 15 मेच्या आसपास आली, म्हणजे शेवटची पाळी 8 ऑगस्ट 2025 च्या सुमारास असली, तर सहा आठवडे आधी प्रसूती झाली तरी मुदत ओलांडलेली असते.

मुदत भरली तरी पूर्ण बिल मिळत नाही. विमा रक्कम 10 लाखांची असली तरी प्रसूतीची उपमर्यादा त्याहून फारच कमी, अनेकदा 50 हजारांच्या आसपास असते. वरील जोडप्याचे सिझेरियनचे बिल 1 लाख 20 हजार झाले आणि उपमर्यादा 50 हजार असली, तर 70 हजार खिशातून जातात. तपासण्या व सोनोग्राफीचा बाह्यरुग्ण खर्च बहुधा वेगळाच राहतो.

म्हणून सातव्या महिन्यातच रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून नॉर्मल व सिझेरियन, दोन्हींचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे. ‘पॅकेज’ खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलते. जनरल वॉर्डऐवजी सिंगल रूम घेतली की शस्त्रक्रियेचा दरही सहसा चढतो. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधे आणि रक्त हे पॅकेजमध्ये आहेत का, ते ओळीओळीने तपासावे. नवजात अतिदक्षता कक्षाचा दिवसाचा दर स्वतंत्र विचारावा. बाळाचे बिल आईच्या उपमर्यादेतून जाते की पूर्ण विमा रकमेतून, हे पॉलिसीच्या नवजात शिशू कलमात पाहावे. हा फरक काही लाखांचा असू शकतो.

नोकरीच्या समूह पॉलिसीत नऊ महिन्यांची अट पुष्कळदा माफ असते. मात्र राजीनामा दिला की संरक्षण सामान्यतः त्याच दिवशी किंवा लवकरच संपते. दोघांच्याही पॉलिसी असतील, तर पहिल्या कंपनीच्या मंजुरीपत्रासह उरलेल्या रकमेचा दावा दुसरीकडे, तेथील अटींनुसार, करता येतो.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (2011) सिझेरियनसह प्रसूती निःशुल्क आहे.