पाळण्याच्या ध्रुवपदात बाळाचं नाव कसं आलं

कोल्हापुरात आता बारशाचं आमंत्रण आलं की त्यासोबत बऱ्याचदा एक कामही येतं: "तुम्ही लिहिता ना, मग बाळाच्या नावाचा एक पाळणा करून द्या." पाळणा म्हणायची पद्धत फार जुनी आहे. पण नाव ध्रुवपदात घालून दर कडव्याला म्हणायचं, हे वळण त्यामानाने अलीकडचं.

मराठीत पाळणा मोठा झाला तो देवांच्या जन्मोत्सवांत. रामनवमीला दुपारी बारा वाजता, गोकुळाष्टमीला मध्यरात्री, तर आपल्या जिल्ह्यातल्या नृसिंहवाडीला मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सायंकाळी, दत्तजन्माच्या वेळी पाळणा म्हणतात. शिवजयंतीलाही पाळणा हवाच. संतांनी तर तो अध्यात्माकडे वळवला. मुक्ताबाईंच्या नावावरच्या एका अभंगात पाळणा टांगलाय तो थेट निर्गुणाच्या डहाळीला.

घरच्या बारशात मात्र बायकांनी एक सोपा साचा धरून ठेवला. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असं एकेका दिवसाचं एकेक कडवं. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्याला नामकरण, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी "जो बाळा जो जो रे जो". या साच्यात नाव आलंच तर शेवटाकडे येतं. ते बरोबरही आहे, कारण तोवर ते जाहीरच झालेलं नसतं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवायचं, मग आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि पाठीत धपाटे खायचे. त्याआधी गाण्यात नाव आलं, तर आत्याला सांगायला काय उरलं? शिवाय "बाळा" असल्यामुळे एकच पाळणा गल्लीतल्या प्रत्येक बारशाला चालायचा.

आता नाव आधीच ठरलेलं असतं, कधीकधी मागच्या फलकावर फुलांनी लिहिलेलंही. मग ते ध्रुवपदात यावं असं घरच्यांना वाटतं. हौस म्हणून ठीकच, पण नुसतं "बाळा" खोडून तिथं नाव घातलं की बहुतेक वेळा चाल अडखळते.

त्याचं कारण जुन्या ओळीच्या घडणीत आहे. "जो बाळा जो जो रे जो" यात सात अक्षरं आहेत आणि सातही दीर्घ. म्हणजे चौदा मात्रा. "बाळा"ची जागा चार मात्रांची. मीरा, राधा, अन्वी ही नावं तिथं अलगद बसतात: "जो अन्वी जो जो गं जो". जुन्या पाळण्यात मुलीलाही "रे" म्हणतात आणि कुणाला खटकत नाही, पण नाव घेऊन हाक मारायची तर "गं"च बरं. मात्रा तेवढ्याच राहतात.

खरी पंचाईत मोठ्या नावांची, आणि आपल्याकडे ती हौसेनं ठेवतात. राजवर्धन घ्या. हाक मारताना राजवर्धना: रा दोन, ज एक, व जोडाक्षरापूर्वी म्हणून दोन, र्ध एक, ना दोन. एकूण आठ. "जो राजवर्धना जो जो रे जो" म्हटलं तर ओळ अठरा मात्रांची होते आणि शेवटचा "जो" झोक्याच्या मागं पडतो. हे कागदावर कळत नाही. दोरी हातात घेऊन म्हटलं की लगेच कळतं. उपाय म्हणजे मधले दोन "जो" काढायचे: "जो राजवर्धना रे जो". दोन, आठ, दोन, दोन, पुन्हा चौदा. शाल्मलीच्या पाच मात्रा आहेत, तिथं एकच "जो" काढायचा आणि "ली" जरा लांबवायची: "जो शाल्मली जो गं जो".

नाव पहिल्या कडव्यापासून घ्यायचं का? माझं मत, नाही. अकरा कडव्यांना जुनं "बाळा"च ठेवावं आणि आत्यानं नाव सांगितल्यावर बाराव्यात ध्रुवपद बदलावं:

बाराव्या दिवशी जमल्या बाया,
आत्याबाई आली नाव ठेवाया,
रंकाळ्याचा वारा झोका द्याया,
जो राजवर्धना रे जो

बारा कडवी आता कुणी म्हणत नाही, हेही खरं. मग पहिला, पाचवा आणि बारावा दिवस एवढी तीन ठेवली तरी चालतात. नाव कळल्यावर बाराव्याचं ध्रुवपद दोन-तीनदा घ्यावं, म्हणजे घुगऱ्या वाटेपर्यंत मागं बसलेल्यांनाही ते पाठ होतं.