भांडवलाचा भारित सरासरी खर्च (लहान कंपनी)

कंपनीत गुंतलेल्या प्रत्येक रुपयावर वर्षाला सरासरी किती टक्के मोबदला द्यावा लागतो, हे सांगणारा दर. बँकेचा आणि मालकांचा पैसा ज्या प्रमाणात आहे, त्याच प्रमाणात दोघांच्या खर्चाला वजन दिले जाते.

```
WACC = (D/V) × Rd × (1 − T) + (E/V) × Re
```

D म्हणजे कर्ज, E मालकांचा पैसा आणि V या दोन्हींची बेरीज. Rd हा कर्जाचा व्याजदर, Re मालकांच्या पैशाचा खर्च, तर T कराचा दर.

यवतमाळ जिल्ह्यातली एक दालमिल, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, उदाहरणासाठी घेऊ. मालकांचे भागभांडवल आणि साठलेला नफा मिळून ५० लाख, मुदत कर्ज ३० लाख. शिवाय तूर खरेदीसाठी बँकेचे कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी: लागेल तसे उचलायचे आणि पैसे आले की भरायचे कर्ज. सगळ्या कर्जावर व्याज ११ टक्के. व्याज नफ्यातून वजा होते, म्हणून सुमारे २५ टक्के कर धरल्यास कर्ज प्रत्यक्षात ८.२५ टक्क्यांना पडते. कंपनी तोट्यात असेल तर ही सवलत त्या वर्षी हाती येत नाही. मग ११ टक्केच धरावेत.

‘घरचा पैसा आहे, त्याला कुठलं व्याज?’ असे म्हणून मालक आपला खर्च शून्य धरतात. पण मिल बुडाली तर आधी बँक वसुली करते, उरले तर मालकाला मिळते. जोखीम जास्त, म्हणून मालकांच्या पैशाचा दर ११ टक्क्यांच्या वरच हवा. मुदत ठेवीचा दर इथे कामाचा नाही. शेअर बाजारात नोंद नसल्याने बाजारभावावरून मालकांचा दर काढता येत नाही, अंदाजच करावा लागतो. इथे १८ टक्के धरू. कुटुंबाने दिलेली, परतीची तारीख नसलेली बिनव्याजी रक्कमही मालकांच्या पैशातच मोजावी.

खरी चूक वजनात होते. तुरीची आवक साधारण जानेवारी ते मार्च, त्यामुळे ३१ मार्चच्या ताळेबंदात सीसी ६० लाख दिसते. डाळ विकली जाते तशी ती उतरते आणि पावसाळ्यात जवळजवळ रिकामी होते. बारा महिन्यांची सरासरी २० लाखच भरते. ताळेबंदावरून कर्ज ९० लाख, मालकांचे ५० लाख, दर ११.७ टक्के. सरासरीने दोन्ही ५०-५० लाख, दर १३.१ टक्के. वर्षभराच्या निर्णयासाठी दुसराच आकडा बरोबर. बँकेच्या खातेउताऱ्यातून दर महिन्याची सरासरी बाकी काढली की तो मिळतो.

आता मिलला कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून दाणे निवडणारे यंत्र, घ्यायचा आहे. व्याज वजा न करता, पण कर भरून, तो वर्षाला १२.५ टक्के परतावा देईल असा अंदाज आहे. पहिल्या आकड्याने यंत्र परवडते, दुसऱ्याने नाही. अर्थात मालकांचा दर १५ टक्के धरला तर सरासरी ११.६ वर येते आणि यंत्र पुन्हा परवडते. २० धरला तर ती १४.१ होते. इतक्या जवळच्या परताव्यावर एकट्या या दराने निर्णय करू नये.