वेव्ह प्लेटमधून न बदलता जाणारे ध्रुवण: ह्युगेन्सपासून जोन्सपर्यंत

आइसलँड स्पारच्या स्फटिकातून पाहिले की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे बार्थोलिनने 1669 मध्ये सांगितले होते. ह्युगेन्सने त्या दोन किरणांपुढे तसाच दुसरा स्फटिक धरला. दोन्ही स्फटिक एकाच दिशेत, किंवा एकमेकांशी 90 अंशांत असले, तर किरण पुन्हा दुभंगत नाहीत. मधल्या कोनांत मात्र दोनाचे चार होतात. 1690 च्या ग्रंथात त्याने हे नोंदवले आणि समाधानकारक कारण सापडले नसल्याचेही प्रांजळपणे लिहिले.

कारण मिळायला फ्रेनेल यावा लागला. प्रकाशाचे कंपन आडवे असते असे मानले, की स्फटिकाच्या दोन अक्षांवरचे घटक वेगवेगळ्या वेगाने जातात आणि त्यांच्यात कलांतर पडते, एवढेच उरते. प्रकाशाचे कंपन एकाच अक्षावर असेल, तर कलांतर कोणाशी पडणार? तो तसाच बाहेर येतो. या कंपनाच्या दिशेला किंवा आकाराला ध्रुवण म्हणतात, आणि असे कलांतर पाडणारी स्फटिकाची पातळ पट्टी म्हणजे वेव्ह प्लेट.

क्वार्ट्झने मात्र पेच टाकला. त्याच्या प्रकाशीय अक्षाच्या दिशेने जाताना कोणतेही रेषीय ध्रुवण वळतेच, हे अरागोने 1811 मध्ये पाहिले होते. मग न बदलणारे काय? वर्तुळाकार ध्रुवण, डावे आणि उजवे, हे फ्रेनेलचे 1822 चे उत्तर. क्वार्ट्झचे प्रिझम जोडून त्याने हे दोन किरण वेगळे करूनही दाखवले.

1941 मध्ये आर. क्लार्क जोन्सने प्रत्येक ध्रुवण दोन संमिश्र संख्यांनी आणि प्रत्येक पट्टी 2×2 मॅट्रिक्सने लिहिली. न बदलणारे ध्रुवण म्हणजे Jv = λv पाळणारा आयगेनव्हेक्टर. λ ने फक्त कला सरकते, ध्रुवणाचा आकार तोच राहतो. क्वार्ट्झचा मॅट्रिक्स निव्वळ फिरवणारा, त्यातल्या संख्या वास्तव. पण त्याचे आयगेनव्हेक्टर (1, i) आणि (1, −i). वास्तव संख्यांत शोधले असते तर सामान्य कोनासाठी ते सापडलेच नसते.

या पद्धतीची खरी गंमत पट्ट्या एकापुढे एक ठेवल्यावर कळते. 90 अंशांचे कलांतर देणाऱ्या दोन पाव-तरंग पट्ट्या घ्या, पहिलीचा जलद अक्ष 0 अंशांवर, दुसरीचा 45 वर. दोघींचे मॅट्रिक्स गुणले की त्या मिळून 120 अंशांचे कलांतर देणाऱ्या एकाच पट्टीसारख्या वागतात. पण तिची न बदलणारी ध्रुवणे ना रेषीय, ना वर्तुळाकार. ती लंबवर्तुळाकार आहेत: एकाचा मोठा अक्ष 22.5 अंशांवर, दुसऱ्याचा त्याला काटकोनात, आणि लहान अक्ष मोठ्याच्या सुमारे 0.32 पट.

हे बाकावर तपासता येते. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन पोलरायझरांमध्ये एकटी पट्टी फिरवली, तर एका फेऱ्यात चार वेळा पूर्ण अंधार होतो. तेच तिचे अक्ष. वरची जोडी एकत्रच फिरवली, तर अंधार कधीच होत नाही. पहिल्या पोलरायझरमधून आलेल्या प्रकाशाचा किमान चौथा हिस्सा दुसऱ्यातून बाहेर येतच राहतो. अशा वेळी पोलरायझर खराब आहे असे समजून तो बदलणारे बरेच असतात. खरे तर या जोडीला रेषीय आयगेनव्हेक्टरच नाही.